महागाई वजा करू नका, तिने भागा: वास्तव व्याजदराचा अचूक हिशोब

ठेवीवर ८ टक्के व्याज मिळतंय आणि महागाई ६ टक्के आहे, तर खरी वाढ किती? बहुतेक जण क्षणाचाही विलंब न लावता २ टक्के म्हणतात. मीही बरीच वर्षं तेच म्हणत आलो. उत्तर फार चुकलेलं नाही, पण चुकलेलं आहे. एक वर्षापुरतं ते खपून जातं. वीस वर्षांच्या बचतीच्या नियोजनात मात्र ते जाणवू लागतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वजाबाकीची सवय लागली की पुढचे, जास्त महागात पडणारे घोळ तिच्या मागोमाग येतात. म्हणून सुरुवातीपासून नीट मांडतो. रकमांपुढे कोणत्याही चलनाचं नाव मुद्दाम लावलेलं नाही, कारण हिशोब सगळीकडे सारखाच आहे.

दोन शब्द आधी ठरवून घेऊ. ठेवीच्या कागदावर छापलेला, महागाईचा विचार न केलेला दर म्हणजे नाममात्र व्याजदर. त्या व्याजामुळे तुमची विकत घेण्याची ताकद किती वाढली, हे सांगणारा दर म्हणजे वास्तव व्याजदर. आपल्याला पहिल्यावरून दुसरा काढायचा आहे.

पैसे नव्हे, नग मोजा

तुमच्याकडे १,००,००० आहेत आणि तुम्हाला लागणाऱ्या एका वस्तूची किंमत आज १०० आहे असं धरा. आज तुम्ही तिचे १,००० नग घेऊ शकता. घेत नाही, पैसे वर्षभर ८ टक्क्यांनी ठेवता. वर्षअखेर हातात १,०८,००० येतात. दरम्यान भाव ६ टक्क्यांनी वाढून वस्तू १०६ ला झाली. आता किती नग येतील? १,०८,००० ला १०६ ने भागलं की १,०१८.८७ येतात.

म्हणजे १,००० नगांचे साधारण १,०१९ झाले. वाढ १.८८७ टक्के, २ टक्के नव्हे. उरलेलं ०.११३ कुठे गेलं? वजाबाकी करणारा म्हणतो, मला ८,००० मिळाले, त्यातले ६,००० भाववाढीची भरपाई करण्यात गेले, २,००० निव्वळ उरले. इथवर त्याचं बरोबर आहे. चूक पुढच्या पायरीवर होते. ते उरलेले २,००० वर्षअखेरचे आहेत. त्यांनी खरेदी करायची तर नगामागे १०० नव्हे, १०६ द्यावे लागतात. २,००० ला १०६ ने भागा, १८.८७ नग येतील. वाढीव पैशालाही महागाई लागते, आणि वजाबाकीत नेमकं तेवढंच विसरलं जातं.

त्यावरून अचूक सूत्र असं:

```
वास्तव दर = (1 + नाममात्र दर) / (1 + महागाई) - 1
          = 1.08 / 1.06 - 1
          = 0.018868
```

याच नात्याला अर्थशास्त्रात फिशर समीकरण म्हणतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अर्व्हिंग फिशर यांनी व्याज आणि पैशाचं बदलतं मोल यांचा संबंध १८९६ पासूनच्या आपल्या लेखनात सविस्तर उलगडला, म्हणून त्यांचं नाव त्याला चिकटलं.

तोंडी हिशोब करायचा असेल तर याच सूत्राचं दुसरं रूप जास्त सोपं पडतं: आधी वजाबाकी करा, मग आलेल्या उत्तराला (१ + महागाई) ने भागा. २ भागिले १.०६ म्हणजे १.८८७. वजाबाकी कधी चालते आणि कधी नाही, हेही यातूनच कळतं. वजाबाकीचं उत्तर खऱ्या उत्तराच्या बरोबर (१ + महागाई) पट असतं. महागाई २ टक्के असेल तर ते खऱ्यापेक्षा पन्नासाव्या हिश्शाने फुगलेलं असतं, आणि तेवढ्यासाठी कुणी कागद काढणार नाही. पण महागाई ५० टक्के आणि व्याज ६० टक्के असेल तर वजाबाकी १० टक्के सांगते आणि खरा दर ६.६७ टक्के असतो. सांगितलेल्या वाढीतला एक तृतीयांश भाग मुळात नव्हताच.

व्याज महागाईपेक्षा कमी असेल तेव्हा ही चूक उलट बाजूला झुकते. ४ टक्के व्याज आणि ६ टक्के महागाई असताना वजाबाकी उणे २ सांगते, अचूक उत्तर उणे १.८८७ आहे. म्हणजे वजाबाकी नफाही फुगवते आणि तोटाही.

सूत्रात आकडे घालण्यापूर्वी

सूत्र एका ओळीचं आहे, त्यामुळे चूक सहसा सूत्रात होत नाही. ती त्यात घातलेल्या आकड्यांत असते. तीन गोष्टी तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही.

पहिली, व्याज वर्षातून किती वेळा मुद्दलात मिळवलं जातं. ठेवीवर ८ टक्के लिहिलंय पण व्याज दर तिमाहीला जमा होत असेल, तर प्रत्येक तिमाहीला २ टक्के मिळतात आणि वर्षाचा प्रत्यक्ष दर १.०२ चा चौथा घात, म्हणजे ८.२४३ टक्के होतो. वास्तव दर काढताना हाच आकडा वापरायचा. १.०८२४३ भागिले १.०६ केल्यावर २.११६ टक्के येतात. गंमत पहा, एवढ्या एका गोष्टीने उत्तर जितकं हललं, ते वजाबाकीच्या चुकीपेक्षा जास्त आहे. छापील दर आणि वर्षाचा प्रत्यक्ष दर यांत गल्लत केली, तर अचूक सूत्र वापरूनही उपयोग होत नाही.

दुसरी, व्याजाचा काळ आणि महागाईचा काळ एकच हवा. बातमीत येणारा महागाईचा आकडा सहसा एखाद्या महिन्याच्या किमतींची आधीच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढलेला असतो. तुमची ठेव भलत्याच महिन्यात सुरू झालेली असते. त्यामुळे महागाईचा तयार दर उचलण्याऐवजी ग्राहक किंमत निर्देशांकच, म्हणजे लोकांच्या नेहमीच्या खरेदीच्या किमतींची पातळी दाखवणारा आकडाच घ्यावा. ठेव ठेवली त्या महिन्याचा निर्देशांक आणि ठेव परत मिळाली त्या महिन्याचा निर्देशांक, एवढे दोन आकडे पुरतात. दुसऱ्याला पहिल्याने भागलं की त्या काळातली भाववाढीची पट मिळते. ठेव १८ महिन्यांची असेल तरी अडत नाही: मिळालेली रक्कम भागिले ठेवलेली रक्कम, आणि त्याला पुन्हा भागिले भाववाढीची पट.

तिसरी गोष्ट कराची, आणि इथे थोडं थांबावं लागेल.

व्याजावर कर असेल तर तो नाममात्र व्याजावर बसतो. त्या व्याजातला मोठा भाग केवळ भाववाढीची भरपाई आहे, हे साध्या करआकारणीत धरलं जात नाही. समजा व्याजावर २० टक्के कर आहे आणि तो दरवर्षी भरावा लागतो. ८ टक्क्यांतले १.६ गेले, हातात ६.४ आले. वास्तव दर १.०६४ भागिले १.०६ उणे १, म्हणजे ०.३७७ टक्का. कराआधी १.८८७ होता, आता ०.३७७ उरला. म्हणायला कर २० टक्के आहे, पण खऱ्या वाढीतला ८० टक्के भाग तो घेऊन गेला.

बरेच जण हे उलट्या क्रमाने करतात. आधी वास्तव दर १.८८७ काढतात आणि मग त्यातून २० टक्के कमी करून १.५१ आला म्हणतात. एक लाखावर वीस वर्षांत या दोन क्रमांचा फरक मोठा पडतो. बरोबर क्रमाने आजच्या पैशांतले १,०७,८२४ होतात. चुकीच्या क्रमाने १ लाख ३५ हजारांच्या आसपासचा आकडा येतो, आणि तो कधीच हाती लागत नाही. क्रम लक्षात ठेवा: आधी वर्षाचा प्रत्यक्ष दर, मग कर, आणि महागाई शेवटी. कर दरवर्षी न घेता एकदम शेवटी, एकूण व्याजावर घेतला जात असेल, तर चक्रवाढ मधल्या काळात अखंड चालते आणि याच आकड्यांवर १,२२,५०१ उरतात. म्हणून कर कधी भरायचा, हेही विचारून घ्यावं.

पुढची उदाहरणं सोपी राहावीत म्हणून करानंतरचा वर्षाचा प्रत्यक्ष दरच ८ टक्के आहे असं धरतो.

एकरकमी ठेव: दोन वाटा, एकच उत्तर

१,००,००० वीस वर्षांसाठी ठेवले. व्याज ८ टक्के, महागाई ६ टक्के, दोन्ही स्थिर.

पहिली वाट अशी. आधी त्या वेळी हातात येणारी रक्कम काढायची. १.०८ चा विसावा घात ४.६६०९६, म्हणून रक्कम ४,६६,०९६. याच काळात भाव १.०६ च्या विसाव्या घाताइतके, म्हणजे ३.२०७१४ पट झाले. भागाकार केला की १,४५,३३१ येतात. वीस वर्षांनंतरच्या त्या ४,६६,०९६ मध्ये जेवढं विकत घेता येईल, तेवढं आज १,४५,३३१ मध्ये येतं.

दुसरी वाट म्हणजे वास्तव दराने थेट वाढवणं. १.०१८८६८ चा विसावा घात १.४५३३१, उत्तर तेच १,४५,३३१.

या दोन वाटा शेवटच्या अंकापर्यंत जुळायलाच हव्यात, आणि हीच तुमची पडताळणी. जुळल्या नाहीत तर कारण सहसा तिघांपैकी एक असतं. दुसऱ्या वाटेवर कुणी वजाबाकीचा २ टक्के दर वापरला की १,४८,५९५ येतात, म्हणजे ३,२६४ जास्त. तीस वर्षांवर हाच फरक ५,९३५ होतो. वास्तव दर मध्येच १.९ असा गोल केला तर १,४५,७०८ येतात, म्हणून मधल्या पायऱ्यांवर पूर्ण दशांश ठेवावेत आणि फक्त शेवटचं उत्तर गोल करावं.

तिसरं कारण सर्वांत वाईट. वास्तव दराने वाढवून १,४५,३३१ आले, आणि ही तर वीस वर्षांनंतरची रक्कम म्हणून तिला पुन्हा ३.२०७ ने भागलं. उत्तर येतं ४५,३१५. महागाई दोनदा कापली गेली. हे टाळायला माझा एक साधा नियम आहे. प्रत्येक रकमेपुढे 'आजचे' किंवा 'त्या वेळचे' यांपैकी एक शब्द लिहायचा. नाममात्र दराने वाढलेली रक्कम त्या वेळच्या पैशांत असते, वास्तव दराने वाढलेली आजच्या. भागाकार फक्त 'त्या वेळचे' वरून 'आजचे' वर जाताना, तोही एकदाच. ज्या रकमेपुढे यांपैकी एकही शब्द नाही, तिच्यावर पुढचा हिशोब करू नये.

या उत्तराची मर्यादाही इथेच सांगतो. महागाईचा ६ हा आकडा अंदाज आहे, आणि वीस वर्षांत उत्तर त्याच्यावर फार जोरात हलतं. महागाई ५ टक्के राहिली तर १,७५,६६७, आणि ७ टक्के राहिली तर १,२०,४४८. वजाबाकीची चूक ३,२६४ ची होती, अंदाज एका टक्क्याने हुकला तर फरक पंचवीस-तीस हजारांचा पडतो. मग अचूक सूत्राचा आग्रह कशाला? कारण अंदाजातली अनिश्चितता तुमच्या हातात नाही, हिशोबातली चूक आहे. शिवाय सूत्र बरोबर असेल तरच वेगवेगळे अंदाज घालून मिळालेल्या उत्तरांची तुलना करता येते. भविष्याचा हिशोब करताना मी एकच उत्तर कधी लिहीत नाही, तीन महागाईंवरची तीन उत्तरं शेजारी शेजारी लिहितो.

महागाई दरवर्षी वेगळी असते तेव्हा

होऊन गेलेल्या वर्षांचा हिशोब करताना अंदाज लागत नाही, पण दरवर्षीचा आकडा वेगळा असतो. समजा पाच वर्षांची महागाई अनुक्रमे २, १२, ४, ९ आणि ३ टक्के होती. बेरीज ३०, सरासरी ६. ही सरासरी वापरायचा मोह होतो, पण दर बेरजेने जमत नाहीत, गुणाकाराने जमतात. सुरुवातीचा निर्देशांक १०० धरला तर पाच वर्षांनी तो १३३.३९ होतो. सरासरी ६ ने काढला असता तर १३३.८२ आला असता. खरी वार्षिक महागाई ५.९३ टक्के पडते.

यासाठी स्प्रेडशीटमध्ये पाच रकाने पुरतात. A मध्ये वर्ष, B मध्ये त्या वर्षीची महागाई, C मध्ये निर्देशांक, D मध्ये त्या वेळची शिल्लक, E मध्ये आजच्या पैशांतली शिल्लक. व्याजदर H1 मध्ये. दुसऱ्या ओळीत सुरुवातीची स्थिती लिहायची: C2 मध्ये 100, D2 मध्ये 100000. तिसऱ्या ओळीत ही सूत्रं घालून खाली ओढायची:

```
C3:  =C2*(1+B3)
D3:  =D2*(1+$H$1)
E3:  =D3*$C$2/C3
```

डॉलरची चिन्हं विसरू नका. C2 स्थिर केला नाही तर खाली ओढताना प्रत्येक ओळ आदल्या वर्षाच्या किमतींवर आणली जाते. मग E रकान्यातला प्रत्येक आकडा वेगळ्या वर्षाच्या पैशांत असतो, आणि रकाना दिसायला ठीक असूनही निरर्थक होतो. ओळखण्याची खूण अशी की वास्तव व्याजदर लहान असतानाही E रकाना D च्या अगदी जवळून चालतो.

८ टक्के व्याजाने पाच वर्षांत D मध्ये १,४६,९३३ येतात आणि E मध्ये १,१०,१५५. महागाईच्या वर्षांचा क्रम उलटा करून पहा, म्हणजे ३, ९, ४, १२, २. मधले आकडे बदलतील, शेवटचा तोच राहील. एकरकमी ठेवीला फक्त दोन टोकांचे निर्देशांक लागतात, मधल्या वाटेवर काय झालं याने तिला फरक पडत नाही. नियमित बचतीला मात्र पडतो, आणि तिथेच सर्वांत जास्त गैरसमज होतात.

दरवर्षी ठरावीक रक्कम: 'तोटा' जो नव्हताच

माझ्या एका मैत्रिणीने अगदी काळजीपूर्वक केलेला हिशोब मला दाखवला होता. दर वर्षाच्या सुरुवातीला १२,००० असे वीस वर्षं भरायचे, ८ टक्के व्याज. मुदतीअखेर ५,९३,०७५ येणार. ६ टक्के महागाई धरून तिने ते आजच्या पैशांत आणले: १,८४,९२४. सगळं बरोबर. मग तिने शेवटची ओळ लिहिली होती, 'भरणार २,४०,०००, मिळणार १,८४,९२४, म्हणजे ५५ हजारांचा तोटा.' ती ठेव मोडायला निघाली होती.

"व्याज महागाईपेक्षा जास्त आहे, मग तोटा होईल कसा?" एवढंच मी विचारलं. ती बराच वेळ कागदाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हे २,४०,००० आजचे नाहीत."

नव्हतेच. पहिले १२,००० आजचे आहेत. दुसऱ्या वर्षीचे १२,००० एका वर्षाच्या भाववाढीनंतरचे आहेत, आजच्या पैशांत ११,३२१. विसावा हप्ता भरताना भाव १.०६ च्या एकोणिसाव्या घाताइतके, म्हणजे ३.०२५६ पट झालेले असतील, आणि तो हप्ता आजच्या ३,९६६ इतकाच असेल. कागदावर वीसही ओळींत १२,००० लिहिलेलं असलं, तरी ते भरण्याचा भार दरवर्षी हलका होत जातो. वीसही हप्ते आजच्या पैशांत आणून बेरीज केली की १,४५,८९७ होते.

आता तुलना सारख्याशी सारखी झाली. आजच्या १,४५,८९७ चे आजचे १,८४,९२४ होतात. तोटा नाही, ३९,०२७ ची खरी वाढ आहे. प्रत्येक हप्ता स्वतंत्रपणे १.८८७ टक्क्यांनीच वाढला. पहिल्या १२,००० चे वीस वर्षांत १७,४४० झाले, आणि शेवटच्या ३,९६६ चे एका वर्षात ४,०४१. त्या रात्री आम्ही वीसच्या वीस ओळी लिहून बेरीज ताळून पाहिली, आणि ती जुळली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा सुटकेचा भाव मला अजून आठवतो.

याच मांडणीत उलटी चूकही होते. मिळणारे ५,९३,०७५ त्या वेळच्या पैशांत ठेवायचे, भरलेले २,४०,००० मूळ आकड्यातच धरायचे आणि पैसे जवळजवळ अडीच पट झाले म्हणायचं. जाहिरातींमध्ये हीच तुलना दिसते. त्यात खोटा आकडा एकही नसतो, पण वेगवेगळ्या वर्षांचे पैसे एकाच बेरजेत कोंबलेले असतात.

महागाईच्या क्रमाचं म्हणत होतो ते आता दिसेल. पहिल्या वर्षी महागाई २ टक्के आणि दुसऱ्या वर्षी १२ टक्के असेल, तर दुसरा हप्ता आजच्या ११,७६५ इतका पडतो. आधी १२ आणि मग २ असेल, तर १०,७१४. मुदतीअखेर मिळणारी रक्कम दोन्ही वेळा तीच आहे, पण ती मिळवायला तुम्ही किती दिलं हे बदललं. नियमित बचतीत महागाई सुरुवातीला भडकली तर तुमचे पुढचे सगळेच हप्ते आजच्या हिशोबाने लहान होतात.

हप्ता महागाईबरोबर वाढवला तर

दरवर्षी तेवढेच १२,००० भरणं म्हणजे खऱ्या अर्थाने दरवर्षी कमी बचत करणं. उत्पन्न भाववाढीबरोबर वाढत असेल तर हप्ताही वाढवता येतो. पहिल्या वर्षी १२,०००, दुसऱ्या वर्षी १२,७२०, असं ६ टक्क्यांनी वाढवत नेलं की विसावा हप्ता ३६,३०७ होतो. आकडा पाहून छाती दडपते, पण त्या वर्षी तो भरताना तेवढाच भार वाटेल जेवढा आज १२,००० चा वाटतो.

याचा हिशोब वास्तव दराने फारच सोपा होतो, कारण आजच्या पैशांत प्रत्येक हप्ता १२,००० च आहे. वर्षाच्या सुरुवातीला भरणा असेल तर:

```
R = 1.08/1.06 - 1
गुणक = (1+R) * ((1+R)^20 - 1) / R = 24.4787
12000 * 24.4787 = 293744
```

आजच्या पैशांतले २,९३,७४४. त्या वेळी हातात पडणारा आकडा ९,४२,०७६ असेल, पण नियोजनाला पहिला आकडा घ्या. स्प्रेडशीटमध्ये एका सूत्रात हवं असेल तर असं लिहा. शेवटचा 1 वर्षाच्या सुरुवातीच्या भरण्यासाठी आहे, वर्षअखेर भरत असाल तर तिथे 0:

```
=FV(1.08/1.06-1, 20, -12000, 0, 1)
```

एक इशारा. या सूत्रात वास्तव दर तेव्हाच चालतो जेव्हा हप्ता खरोखर महागाईबरोबर वाढतो. स्थिर १२,००० साठी वास्तव दर घालून २,९३,७४४ काढले आणि प्रत्यक्षात हप्ता वाढवलाच नाही, तर हाती येणार १,८४,९२४. एक लाखाहून जास्त कमी पडतील, आणि हे वीस वर्षांनी कळेल. स्थिर हप्त्यासाठी नाममात्र दराने रक्कम काढा आणि शेवटी एकदाच भागा.

उलट बाजूने: किती भरावं लागेल?

प्रत्यक्षात प्रश्न बहुधा असाच येतो. वीस वर्षांनी आजच्या ५,००,००० इतकी ताकद हातात हवी आहे, तर सुरुवात किती हप्त्याने करावी? ५,००,००० ला वरच्या गुणकाने, २४.४७८७ ने भागा. २०,४२६ येतात. वास्तव दर वजाबाकीने २ टक्के धरला असता तर उत्तर २०,१७५ आलं असतं, आणि दरवर्षी अडीचशे कमी भरले गेले असते.

पहिल्या वर्षी २०,४२६ भरा. दुसऱ्या वर्षीचा हप्ता मात्र ६ टक्क्यांनी डोळे मिटून वाढवायचा नाही, कारण ६ हा अंदाज होता. वर्ष संपलं की भरलेल्या महिन्याचा निर्देशांक आणि आताचा निर्देशांक घ्या. समजा तो १०० वरून १०४ झाला, तर दुसरा हप्ता २०,४२६ गुणिले १.०४, म्हणजे २१,२४३. लक्ष्याचा आकडाही त्याच पटीने सरकतो: आजचे ५,००,००० पुढच्या वर्षीच्या पैशांत ५,२०,००० होतात. त्या वर्षीचा वास्तव दरही १.०८ भागिले १.०४, म्हणजे ३.८४६ टक्के पडला, ठरवलेल्या १.८८७ पेक्षा बराच जास्त. त्यामुळे पहिल्या हप्त्याची शिल्लक आजच्या पैशांत २०,८११ अपेक्षित होती, ती २१,२१२ झाली. चारशेची ही आघाडी वहीत वेगळी लिहून ठेवा. महागाई ९ टक्क्यांवर गेलेल्या एखाद्या वर्षी वास्तव दर उणे ०.९१७ होईल आणि अशीच आघाडी आटेल. मग उरलेल्या वर्षांसाठी गुणक पुन्हा काढून हप्ता नव्याने ठरवायचा. त्यासाठी सध्याची शिल्लक त्या वर्षीच्या पैशांत, लक्ष्यही त्याच वर्षीच्या पैशांत, आणि दोन्हीपुढे वर्ष लिहिलेलं.